फ्लूचे पहिले दोन आठवडे: जन्मजात आणि उपार्जित प्रतिकारशक्ती वेगवेगळी कशी ओळखावी

प्रतिकारशक्तीचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्याची पहिली अडचण नावांची असते. न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज, टी पेशी, बी पेशी, प्रतिपिंडे ही नावे पाठ होतात, पण कोण केव्हा येतो आणि त्याच्याआधी का येत नाही, हे त्यातून उमगत नाही. त्यामुळे या लेखात नावांची यादी बाजूला ठेवून एकाच आजाराचा कालक्रम पाहायचा आहे. तीन वर्षांच्या एका निरोगी मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच इन्फ्लुएन्झाच्या विषाणूची, म्हणजे खऱ्या फ्लूची, लागण झाली आहे असे धरू. कागदावर एक आडवी रेघ ओढावी, तिच्यावर ० ते २१ असे दिवस मांडावेत आणि पुढे वाचताना प्रत्येक घटना तिच्या दिवसावर टिपत जावी. जन्मतःच तयार असलेली जन्मजात आणि रोगजंतूशी गाठ पडल्यावर टी व बी पेशींतून घडणारी उपार्जित, या दोन्ही प्रकारच्या प्रतिकारशक्तींतील फरक समजून घेण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही, कारण हा फरक मुळात वेळेचा आहे आणि वेळेचा फरक का पडतो हे समजले की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते.

पहिली पायरी: शून्य ते दोन दिवस, जन्मजात प्रतिकारशक्ती

विषाणू श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींत शिरतो आणि साधारण ६ ते ८ तासांत तिथून नवे विषाणू बाहेर पडू लागतात. या वेळी शरीरात या विशिष्ट विषाणूला ओळखणारे फारसे कोणी नसते. तरीही लागण झालेल्या पेशीला स्वतःलाच काहीतरी बिघडल्याचे कळते. इन्फ्लुएन्झाची जनुकीय सामग्री आरएनएची असते आणि त्या आरएनएच्या टोकाची रचना आपल्या पेशीतील नेहमीच्या आरएनएसारखी नसते. पेशीमध्ये हा फरक टिपणारी ग्राहक प्रथिने जन्मापासूनच असतात. ‘हा इन्फ्लुएन्झा आहे’ एवढे नेमके ज्ञान त्यांना नसते. ‘असा आरएनए इथे असायला नको’ एवढेच ती ओळखतात.

जन्मजात प्रतिकारशक्तीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी यातूनच येतात. तिची ग्राहके आईवडिलांकडून जनुकांवाटे जशीच्या तशी मिळतात, त्यांचे प्रकार मोजकेच असतात आणि एकाच प्रकारचे ग्राहक असंख्य पेशींत असते. म्हणूनच ज्या पेशीत विषाणू शिरला तीच पेशी काही तासांत प्रतिसाद देऊ शकते; योग्य पेशी शोधून आणण्याची गरज पडत नाही. मात्र या वर्षीचा फ्लू आणि मागच्या वर्षीचा फ्लू यांत तिला भेद करता येत नाही, आणि एकदा सामना झाला म्हणून पुढच्या वेळी ती अधिक नेमकी होत नाही.

बिघाडाची जाणीव झालेली पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर सोडते. त्यांचा शोध १९५७ मध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमन यांनी इन्फ्लुएन्झाच्याच विषाणूवर काम करताना लावला. उष्णतेने निष्क्रिय केलेला विषाणू कोंबडीच्या अंड्यातील पटलाच्या तुकड्यांना दिला, तर त्या तुकड्यांभोवतालच्या द्रवात असे काहीतरी उतरते की जे ताज्या पटलांमध्ये जिवंत विषाणूची वाढ अडवते, असे त्यांना दिसले. इंटरफेरॉन विषाणूला थेट मारत नाही. ते शेजारच्या पेशींना सावध करते आणि त्या पेशी विषाणूला वाढायला लागणारी अंतर्गत यंत्रणा मंदावतात. त्याच सुमारास इतर संदेशक प्रथिनांमुळे रक्तातील न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी श्वासमार्गाकडे ओढल्या जातात, तिथल्या मॅक्रोफेज पेशी मृत पेशींचे अवशेष गिळू लागतात आणि नैसर्गिक मारक पेशी लागण झालेल्या काही पेशी नष्ट करतात.

आता आपल्या मुलाकडे पाहा. लागण झाल्यावर साधारण दोन दिवसांनी त्याला एकाएकी ताप चढतो, थंडी वाजते, अंग दुखते आणि ते मलूल होते. हा सगळा त्रास विषाणू पेशी फोडत असल्यामुळे होतो असे नवख्या वाचकाला वाटते. प्रत्यक्षात ताप आणि अंगदुखी यांचा मोठा भाग इंटरफेरॉन आणि तत्सम संदेशक प्रथिनांमुळे होतो. इतर आजारांवर उपचार म्हणून इंटरफेरॉनची इंजेक्शने दिलेल्या रुग्णांनाही फ्लूसारखीच थंडी, ताप आणि अंगदुखी होते. त्यांच्या शरीरात तर फ्लूचा विषाणू नसतो. तेव्हा कागदावरील दुसऱ्या दिवसापाशी ‘ताप: जन्मजात प्रतिसादाची खूण’ असे लिहावे.

दुसरी पायरी: निरोप लसीका ग्रंथीपर्यंत पोहोचतो

श्वासमार्गाच्या अस्तराखाली डेंड्रिटिक पेशी पसरलेल्या असतात. त्या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशी असल्या तरी त्यांचे मुख्य काम लढण्याचे नाही. विषाणूचे आणि मृत पेशींचे तुकडे गिळून, धोक्याची जाणीव झाल्यावर जागा सोडून, त्या लसीकावाहिनीतून जवळच्या लसीका ग्रंथीत जातात. या प्रवासाला आणि तयारीला सुमारे एक दिवस लागतो. वाटेत त्या गिळलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून ते आपल्या पृष्ठभागावरील खास धारक प्रथिनांवर मांडतात आणि धोक्याची खूण म्हणून आणखी काही प्रथिनेही पृष्ठभागावर आणतात.

ही पायरी घाईने ओलांडू नये. दोन्ही प्रतिकारशक्ती म्हणजे दोन स्वतंत्र फौजा असे चित्र अनेक प्राथमिक पुस्तकांत असते आणि ते दिशाभूल करते. टी पेशीला नुसता विषाणूचा तुकडा दाखवून भागत नाही. त्याच्याबरोबर धोक्याची खूणही दिसावी लागते, आणि ती खूण जन्मजात प्रतिसादाशिवाय उमटत नाही. खूण नसताना तुकडा दिसला तर ती टी पेशी बहुधा निष्क्रिय होते. शुद्ध केलेली प्रथिने वापरणाऱ्या अनेक लशींत सहायक द्रव्य मिसळावे लागते ते याचमुळे: ते द्रव्य जन्मजात प्रतिसादाला जागे करते.

तिसरी पायरी: टी पेशींना आठवडा का लागतो

टी पेशी अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीतील थायमस ग्रंथीत घडतात. घडताना प्रत्येक पेशी आपल्या ग्राहकाची जनुके तुकडे जोडून नव्याने बनवते आणि ही जोडणी यदृच्छेने होते. म्हणून जवळजवळ प्रत्येक टी पेशीचे ग्राहक वेगळे असते, आणि आजवर कधीही समोर न आलेल्या विषाणूशी जुळणारी पेशीही शरीरात आधीच तयार असण्याची शक्यता निर्माण होते. या सोयीची किंमत अशी की एखाद्या ठरावीक तुकड्याशी जुळणाऱ्या पेशी अत्यंत थोड्या असतात. काही लाख टी पेशींमागे एखादी, असे प्रमाण सर्वसाधारणपणे धरले जाते.

येथे एक छोटा हिशेब मांडावा. समजा एका लसीका ग्रंथीत जुळणाऱ्या १०० टी पेशी जमल्या. जागृत झाल्यावर पहिले विभाजन होईपर्यंत त्यांना साधारण एक दिवस लागतो. त्यानंतर दर ८ तासांनी त्या दुप्पट होतात असे धरले, तर एका दिवसात आठपट आणि चार दिवसांत ४,०९६ पट वाढ होते. १०० पेशींच्या ४ लाखांहून अधिक पेशी होतात. डेंड्रिटिक पेशींच्या प्रवासाचा एक दिवस, जागे होण्याचा एक दिवस आणि वाढीचे चार दिवस मिळून सहा दिवस झाले. हा हिशेब सोपा केलेला आहे, परंतु फुप्फुसात मारक टी पेशी भरपूर संख्येने दिसू लागण्याचा काळ लागणीनंतर सहा ते आठ दिवसांच्या आसपासच येतो. उपार्जित प्रतिसादाचा उशीर हा आळस नाही, विभाजनांची संख्या आहे. कागदावर सातव्या दिवसापाशी ‘मारक टी पेशी श्वासमार्गात’ असे लिहावे.

टी पेशींचे दोन मुख्य गट येथे लागतात. मारक टी पेशी लागण झालेल्या पेशीला हेरतात आणि तिला मरण्यास भाग पाडतात. विषाणू पेशीच्या आत दडलेला असताना त्या त्याला कशा ओळखतात, हा प्रश्न पूर्वी कोडे होते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे सतत पृष्ठभागावर मांडत असते, आणि टी पेशी विषाणूचा तुकडा व आपल्याच शरीराचे धारक प्रथिन या दोघांना मिळून एकत्र ओळखते. पीटर डोहर्टी आणि रॉल्फ त्सिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साहाय्यक टी पेशी मात्र सहसा स्वतः कोणाला मारत नाहीत. त्या मारक टी पेशींना बळ देतात आणि बी पेशींना पुढे जाण्याची परवानगी देतात.

चौथी पायरी: बी पेशी आणि प्रतिपिंडे

बी पेशींची ग्राहकेही यदृच्छ जोडणीनेच बनतात, पण त्यांची पाहण्याची रीत वेगळी आहे. टी पेशीला प्रथिनाचा चिरलेला तुकडा एखाद्या पेशीच्या पृष्ठभागावर मांडलेला लागतो. बी पेशीला अखंड वस्तूच्या पृष्ठभागाचा आकार दिसतो, मग ती वस्तू द्रवात मोकळी तरंगत असली तरी चालते. इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत बी पेशी प्रामुख्याने विषाणूच्या बाहेरील हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज या प्रथिनांचा आकार ओळखतात, तर टी पेशींना आतील प्रथिनांचे तुकडेही दिसतात. हा फरक नीट लक्षात ठेवावा. सहाव्या पायरीत तो पुन्हा लागणार आहे.

लसीका ग्रंथीत बी पेशी जुळणारा विषाणू आत ओढून घेते, त्याचे तुकडे करते आणि ते साहाय्यक टी पेशीपुढे मांडते. त्याच विषाणूचा तुकडा ओळखणाऱ्या टी पेशीने संमती दिली तरच बी पेशी जोमाने वाढते. दोन किल्ल्यांनी उघडणाऱ्या कुलुपासारखी ही व्यवस्था आहे, आणि तिच्यामुळे स्वतःच्याच शरीराविरुद्ध चुकून प्रतिपिंडे बनण्याचा धोका कमी होतो.

वाढलेल्या बी पेशींपैकी काही लगेच प्लाझ्मा पेशी होतात आणि प्रतिपिंडे रक्तात सोडू लागतात. प्रतिपिंड म्हणजे बी पेशीचे ग्राहकच, पेशीपासून सुटून मोकळे झालेले. प्रथम येते ते आयजीएम या प्रकारचे प्रतिपिंड: याची एकेक भुजा सैलसर चिकटते, पण एका रेणूला दहा भुजा असल्याने एकत्रित पकड पुरेशी होते. ते पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मोजण्याइतके दिसते. उरलेल्या काही बी पेशी ग्रंथीतील जननकेंद्रात जाऊन आपल्या ग्राहकाच्या जनुकांत मुद्दाम बारीक बदल करतात. ज्यांची पकड सुधारते त्या टिकतात, बाकीच्या मरतात. या निवडीतून आणि प्रतिपिंडाच्या प्रकारबदलातून अधिक घट्ट पकडीचे आयजीजी हे प्रतिपिंड दुसऱ्या आठवड्यात वाढू लागते आणि त्याची सुधारणा पुढे कित्येक आठवडे चालू राहते.

प्रतिपिंडे विषाणूला ‘मारतात’ असे म्हटले जाते, ते सैल विधान आहे. हिमॅग्लुटिनिनच्या ज्या जागेने विषाणू पेशीला चिकटतो ती जागा प्रतिपिंड झाकते, म्हणून विषाणू आत शिरू शकत नाही. शिवाय प्रतिपिंडाने वेढलेला विषाणू मॅक्रोफेजला गिळायला सोपा जातो, म्हणजे उपार्जित प्रतिसाद पुन्हा जन्मजात पेशींकडूनच काम करवून घेतो. मात्र पेशीच्या आत शिरून बसलेल्या विषाणूपर्यंत प्रतिपिंड पोहोचत नाही. तिथे मारक टी पेशीच लागते. ढोबळमानाने, पहिल्या लागणीतून बरे होण्यात टी पेशींचा वाटा मोठा असतो आणि पुढची लागण मुळातच रोखण्यात प्रतिपिंडांचा.

पाचवी पायरी: हेच रक्ततपासणीत वाचणे

आपल्या मुलाचे रक्त आजाराच्या तिसऱ्या दिवशी आणि पुन्हा त्यानंतर तीन आठवड्यांनी घेतले असे समजा. इन्फ्लुएन्झाचा विषाणू तांबड्या रक्तपेशींना एकमेकींशी जोडून त्यांचे जाळे करतो, आणि प्रतिपिंडे असतील तर हे जाळे बनत नाही. प्रयोगशाळेत रक्तद्रव १:१०, १:२०, १:४०, १:८० असा दुपटीदुपटीने पातळ करत तबकडीच्या एकेका खळग्यात घेतात, प्रत्येक खळग्यात ठरावीक विषाणू आणि तांबड्या पेशी घालतात आणि कोणत्या सौम्यतेपर्यंत जाळे अडते ते पाहतात. जाळे अडले तर पेशी तळाशी बटणासारख्या गोळा होतात. अडले नाही तर त्या पातळ थरासारख्या पसरलेल्या दिसतात.

मुलाच्या पहिल्या नमुन्यात १:१० लाही जाळे अडले नाही आणि दुसऱ्यात ते १:८० पर्यंत अडले. ही वाढ आठपटीहून अधिक आहे. दोन नमुन्यांत किमान चौपट वाढ असेल तर नुकतीच लागण झाली असे मानतात. दुप्पट वाढ पुरेशी धरत नाहीत, कारण एका खळग्याचा फरक निव्वळ मोजणीच्या चुकीनेही पडतो. आता एका प्रौढ व्यक्तीचे दोन्ही नमुने १:८० आले आहेत असे समजा. प्रतिपिंडे भरपूर आहेत, पण ती या आजारातून आलेली नाहीत. पूर्वीच्या लागणीची किंवा लशीची ती खूण आहे. एकच नमुना पाहून ‘प्रतिपिंडे आहेत म्हणजे आता फ्लू आहे’ असा निष्कर्ष काढणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

तिसऱ्या दिवशीचा नमुना नकारात्मक आला याचे आश्चर्य वाटले असेल, तर कागदावरील रेघ पाहा: आजाराचा तिसरा दिवस तिच्यावर साधारण चौथ्या दिवसापाशी येतो, आणि तेव्हा प्रतिपिंडे नसणेच अपेक्षित आहे. म्हणूनच ताप असताना फ्लूचे निदान करायचे तर प्रतिपिंडे न शोधता नाकाघशातील स्रावात विषाणूच शोधतात. या तपासणीची आणखी एक मर्यादा अशी की तिच्यातून टी पेशींविषयी काहीच कळत नाही.

सहावी पायरी: दुसरी गाठ

मूल बरे झाल्यावर वाढलेल्या बहुतेक टी पेशी मरून जातात, पण काही स्मृतिपेशी म्हणून उरतात आणि त्यांतील काही श्वासमार्गातच मुक्काम करतात. रक्तातील आयजीजीचे प्रमाण सुमारे तीन आठवड्यांत निम्मे होते, तरीही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे सापडतात, कारण अस्थिमज्जेत स्थिरावलेल्या प्लाझ्मा पेशी ती सतत नव्याने बनवत राहतात. ही स्मृती किती टिकते याचे एक विलक्षण उदाहरण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले: १९१८ च्या महासाथीच्या काळात लहान असलेल्या आणि तोवर नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तींच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी पेशी सापडल्या.

मग फ्लू पुन्हा पुन्हा का होतो? हिमॅग्लुटिनिनचा बाह्य आकार थोडाथोडा बदलत राहतो आणि जुन्या प्रतिपिंडांची पकड सुटते. आतील प्रथिने मात्र त्या मानाने कमी बदलतात. त्यामुळे पुढील हंगामात आपल्या मुलाला लागण होऊ शकते, पण आतील प्रथिनांचे तुकडे ओळखणाऱ्या स्मृती टी पेशी काही प्रमाणात लवकर कामाला लागतात आणि आजार बऱ्याचदा सौम्य राहतो. स्मृती नाहीशी झालेली नसते. तिचा एक भाग चुकतो आणि दुसरा लागू पडतो.

सातवी पायरी: कोणता भाग नाही हे आजारावरून ओळखणे

आपल्याला हे खरोखर समजले का, हे तपासायचे असेल तर एकेक भाग काढून टाकून काय होईल ते स्वतः सांगून पाहावे. इंटरफेरॉनचा प्रतिसाद दुबळा असेल तर टी पेशी येण्याआधीच्या पहिल्या आठवड्यातच फुप्फुसांची गंभीर हानी होऊ शकते. टी पेशी नसतील तर पहिले दोन दिवस नेहमीसारखे दिसतील, पण विषाणू हटणार नाही. टी पेशींची मोठी कमतरता असलेल्या रुग्णांच्या श्वासमार्गात इन्फ्लुएन्झाचा विषाणू कित्येक आठवडे सापडत राहतो. शिवाय साहाय्यक टी पेशी नसल्याने त्यांची प्रतिपिंडेही नीट बनत नाहीत.

बी पेशींचा अभाव वेगळ्या रीतीने दिसतो. ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये आठ वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला न्यूमोकॉकस जिवाणूचा गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा होत होता आणि त्याच्या रक्तात प्रतिपिंडांचा अंश, म्हणजे गॅमा ग्लोब्युलिन, आढळत नव्हता. अशा मुलांना बहुतेक विषाणूंच्या आजारांतून बरे होता येते, कारण टी पेशी शाबूत असतात. पण जाड आवरणाचे जिवाणू प्रतिपिंडांनी वेढल्याशिवाय न्यूट्रोफिलना गिळता येत नाहीत. पहिले काही महिने आईकडून मिळालेले आयजीजी पुरते, म्हणून त्रास सहसा सहा महिन्यांच्या सुमारास सुरू होतो. ब्रूटन यांनी त्या मुलाला दात्यांच्या रक्तातून मिळवलेले गॅमा ग्लोब्युलिन टोचले आणि संसर्ग थांबले. मात्र उसन्या प्रतिपिंडांमागे ती बनवणारी पेशी नसते आणि ती तीन आठवड्यांत निम्मी होतात, म्हणून ही मात्रा अशा रुग्णांना आजही ठरावीक अंतराने, शिरेतून दिल्यास साधारण दर तीन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर द्यावी लागते.